भंगार, जेवलास काय?

तुमचा जन्म बेळगाव जिल्ह्यातला असेल, घरात मराठी आणि बसस्टँडवर कन्नड बोलत तुम्ही मोठे झाला असाल, तर आज ना उद्या कुणीतरी तुमच्यापुढे मोबाईल धरून म्हणणारच, 'हे काय लिहिलंय, जरा सांग की.' नाही म्हणू नका. दोन माणसांच्या प्रेमाचा चुथडा करायची संधी रोज रोज चालून येत नाही. मी ती घेतली. त्या अनुभवावरून हा उपदेश, आणि तोही फुकट.

माझं गिऱ्हाईक म्हणजे एक जोडपं. ती खानापूर तालुक्यातली, नोकरीला पुण्यात. शाळेत कन्नड विषय होता, पण तो पास होण्यापुरता. तो बैलहोंगलचा, नोकरीला हुबळीत. दोघांचं भांडण हिंदीत छान जमायचं. लाडात आले की मात्र ज्याला त्याला आपापल्या आईची भाषा आठवायची, आणि ती टाईप व्हायची इंग्रजी अक्षरांत. खरी मजा तिथेच आहे. इंग्रजी अक्षरांत ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाही, आणि ब कुठला, भ कुठला, हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असतं.

पहिल्याच दिवशी त्याने तिला लिहिलं, `bangara`. कन्नडमध्ये बंगार म्हणजे सोनं, आणि आपण सोन्या म्हणतो तसं ते लाडानं म्हणतात. तिने वाचलं, भंगार. अशा वेळी लगेच खुलासा करू नका. ती आधीच थकून घरी आलेली आहे, तिला जरा फुलू द्या. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी लाडात येऊन लिहिलं, `nanna kanda`. म्हणजे 'माझं बाळ'. तिने वाचलं, कांदा. आधी भंगार, मग कांदा. तिसऱ्या दिवशी तिने त्याला ब्लॉक केलं, आणि दुभाष्या म्हणून माझी नेमणूक झाली.

ओळखायची खूण आहे, पण ती कुणाला सांगू नका, नाहीतर धंदा बसेल. कन्नड शब्द सहसा स्वरावर संपतो, म्हणून कन्नड माणूस शेवटचा a इमानदारीने टाईप करतो. मराठी माणूस तो शेवटचा अ उच्चारतही नाही आणि लिहीतही नाही. तिच्या मैत्रिणीने भंगार लिहिलं असतं तर ते r वर थांबलं असतं. तेव्हा शेपटीला a दिसला की शब्द पलीकडचा असेल असं धरायचं आणि आधी विचारायचं. मी न विचारता बसलो, कारण विचारलं की आपल्याला येत नाही असं दिसतं.

पुढचं कलम मान देण्याचं. ती लिहायची, 'काय रे खुळ्या, जेवलास काय?' आपल्याकडे खुळ्या हा शब्द ज्याच्यावर जीव असतो त्यालाच मिळतो. कन्नडमध्ये 'एनो हुच्चा' म्हटलं की तोच जीव त्यात उतरतो, रे-चं काम तिथला ओ करतो. पण मी संस्कारी घरातला. मी त्या वाक्याला 'री' लावली. धारवाडकडे 'री' कंडक्टरलाही लागते, किराणा दुकानदारालाही लागते, घरी नवऱ्यालाही लागते. त्याला निरोप पोचला तो साधारण असा: अहो वेडे गृहस्थ, आपलं भोजन आटोपलं का? त्याने मला फोन करून विचारलं, ती चिडली आहे काय?

आता खरं कसब. मराठीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आपण' म्हटलं की समोरचा त्यात आला, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहिला. कन्नडमध्ये दोघांना मिळून एकच शब्द, नावु. ऐकणारा आत आहे की बाहेर, हे त्या एकट्या शब्दावरून कळत नाही, संदर्भातून काढावं लागतं. एके रात्री त्याने लिहिलं, 'नावु दिवाळीला गोव्याला जातो,' अशा अर्थाचं. म्हणजे तू आणि मी, चोर्ला घाटातून, मोटारसायकलवर. मला झोप आलेली. मी तिला कळवलं, 'आम्ही दिवाळीला गोव्याला जाणार आहोत.' आम्ही म्हणजे कोण? त्याच्या ऑफिसातली ती कोण, तिचं नाव काय, ती मोटारसायकलवर बसते का, असे प्रश्न मला दोन दिवस कन्नडमध्ये पोचवावे लागले. अशा वेळी 'होगोण' हे क्रियापद आलं आहे का तेवढं बघायचं असतं. होगोण म्हणजे 'जाऊ या', त्यात समोरचा आपोआप येतो. त्याने होगोण लिहिलं नव्हतं, म्हणजे चूक अर्धी त्याचीही. हे मी त्याला सांगितलं. त्याने माझे आभार मानले नाहीत.

एवढ्यावरही जोडपं टिकलं, तर त्यांच्या खाजगी विनोदाला हात घाला.

या दोघांची पहिली भेट झाली बेळगावात, १ नोव्हेंबरला. त्या दिवशी एकीकडे राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे असतात आणि दुसरीकडे १९५६च्या राज्य पुनर्रचनेच्या निषेधाची काळी फेरी. गाड्या अडलेल्या, दोघं एकाच चहाच्या टपरीवर अडकलेले. त्याच्या खांद्यावर मित्राने टाकलेला लाल-पिवळा पंचा, हिने योगायोगाने काळा ड्रेस घातलेला. दोघांनीही एकमेकांना कट्टर कार्यकर्ता समजून तासभर अतिशय जपून, हवामानावर गप्पा मारल्या. तेव्हापासून ती त्या तारखेला लिहिते, 'आपल्या काळ्या दिनाच्या शुभेच्छा, सरकार.'

तो हे दोन शब्द मराठीतच ओळखत होता. हात लावायची काहीच गरज नव्हती. म्हणून मी लावला. पेपरात छापतात तसं 'कराळ दिन' असं शुद्ध कन्नड केलं, 'सरकार'च्या जागी सरकारच लिहिलं, आणि त्याला पाठवलं. मोबाईल त्या वेळी चार्जिंगला होता आणि शेजारी त्याचा थोरला भाऊ. आंतरराज्य प्रश्न कोर्टात कितीही वर्षं चालू दे, आमच्याकडे तो स्वयंपाकघरात रात्री साडेनऊला उभा राहिला.

चूक दुरुस्त करायला मी पुढच्या निरोपात विनोद समजावून सांगितला. टपरी, पंचा, ड्रेस, हवामान, सगळं क्रमवार, अकरा ओळींत. हे तुम्हीही जरूर करा. भाऊ हसला नाही, आणि त्यानंतर आठवडाभर ते दोघंही हसले नाहीत.

मग हळूहळू माझ्याकडे निरोप येईनासे झाले. तो सुट्टीत येताना गोकाकचं करदंट आणायचा, तेही बंद झालं. शेवटचा निरोप तिने चुकून पाठवला असावा. त्यात एवढंच होतं: 'भंगार, जेवलास काय?'

म्हणजे भंगार आता लाडाचं नाव झालं होतं. मी शेवटची सेवा म्हणून त्याचं कन्नड करून दिलं. भंगार म्हणजे गुजरी. त्याने तिला विचारलं, 'मला गुजरी का म्हणतेस?' आता खानापूरची पोरगी, लग्नाचे दागिने बघायला कोल्हापूरला जाऊन आलेली, तिला एकच गुजरी ठाऊक, सराफांची. तिने लिहिलं, 'कारण तिथे सोनं मिळतं.'

हे भाषांतर मी केलेलं नाही.