रेकॉर्ड बघा म्हणता, तर ते तयार कसं होतं तेही बघा

"पारधी वस्ती गावाजवळ नको. (१) चोरी त्यांच्या रक्तातच आहे. (२) इंग्रजांनी उगाच गुन्हेगार ठरवलं नव्हतं. (३) विश्वास नसेल तर पोलिसांचं रेकॉर्ड बघा. (४) कायदा सगळ्यांना सारखा, मग तेच का सापडतात? गाव वाचवायचं असेल तर पुढे पाठवा."

हा मेसेज मला माझ्या मामांनी पाठवला. मामा केज तालुक्यात शेती करतात, गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेत. खाली त्यांनी लिहिलं होतं, "तू कोर्टात असतेस, तुला तर माहीतच असेल." मला माहीत आहे, म्हणूनच राग आला. अकरा वर्षं तालुका कोर्टात फौजदारी खटले चालवतेय. पुढच्या बैठकीत वस्तीवरच्या सात पोरांच्या प्रवेशाचा विषय आहे, तेव्हा मामा, हे बैठकीआधी वाचा.

रक्ताचं आधी उरकते. तितर-लावे फाशात धरायचे आणि बाजारात विकायचे, हा या लोकांचा पिढीजात धंदा. पारध करतो तो पारधी, नावच त्यावरून पडलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तीच पारध गुन्हा झाली. फासा तोच, माणूस तोच, बदललं ते फक्त कायद्याचं पुस्तक. तितर वाचायलाच हवेत, तो कायदा चुकला असं मी म्हणत नाही. पण आजोबाचं पोट आणि नातवाचा गुन्हा ही एकच कृती असेल, तर तिचा रक्ताशी काय संबंध?

इंग्रजांचं म्हणाल तर १८७१ चा कायदा उघडून बघा. सरकारनं राजपत्रात जमातीचं नाव छापलं की ती अख्खी जमात गुन्हेगार. पुरावा नाही, सुनावणी नाही. सहाव्या कलमात तर साफ लिहिलं होतं की या अधिसूचनेच्या वैधतेवर कुठल्याही कोर्टानं प्रश्न विचारायचा नाही. मग नोंदवहीत नाव, हजेरी, आणि हद्द ओलांडायला दाखला. दाखल्याशिवाय सापडला तर सक्तमजुरी, दंड किंवा फटके. म्हणजे बाजाराला दुसऱ्या गावी जाणं हाच गुन्हा झाला, आणि त्याच गुन्ह्याच्या शिक्षा मोजून ही जमात गुन्हेगार असल्याचं सिद्ध केलं गेलं. आपल्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं, इंग्रजांचा कायदा जसाच्या तसा इथे नव्हता, हे खरं. पण शिक्का सरहद्द पाळत नाही. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, म्हणून तर आज 'विमुक्त' हा शब्द आहे.

आता रेकॉर्ड. मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हाच, कारण तो पुराव्यासारखा दिसतो.

महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१, कलम १२२. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत संशयास्पद स्थितीत सापडणं हा यातला गुन्हा. त्याचं एक पोटकलम असं, की जो माणूस 'चोर म्हणून ओळखला जातो' तो रस्त्यावर किंवा इतर ठिकाणी पडून वा रेंगाळत असेल आणि त्याला समाधानकारक कारण देता आलं नाही, तर तो गुन्हेगार. यात चोरी झालेली असण्याची गरज नाही. मामा, तुम्ही लातूरहून रात्रीच्या गाडीनं उतरून स्टँडवर सकाळपर्यंत पडलात तर ते थांबणं आहे. शेजारी तसाच पडलेला पारधी असेल तर ते रेंगाळणं. तुमचं कारण तिकिटानं पटतं, त्याचं पटलं की नाही हे समोरचा हवालदार ठरवतो. आणि ज्याला घर नाही, पाल आहे, तो सूर्यास्तानंतर जाणार कुठे?

माझा एक अशील, बावीस वर्षांचा. रात्री पावणेदोनला स्टँडच्या शेडमध्ये झोपलेला असताना उचलला. पंचनाम्यात 'घरफोडीचे साहित्य' म्हणून एक पेचकस आणि एक पान्हा. पान्ह्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली, कारण हा पोरगा आठवडी बाजारात पंप आणि स्टोव्ह दुरुस्त करतो. दोन्ही पंच त्या ठाण्याचे नेहमीचे. उलटतपासणीत एक जण म्हणाला, सही ठाण्यात केली, स्टँडवर गेलोच नाही. पोरगा सुटला, पण तोवर सव्वादोन वर्षं गेली होती. दरम्यान कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी त्याच्या पालावर यायची, कारण त्याच्यावर 'केस' होती. एका नोंदीमुळे पाळत वाढते, पाळतीमुळे पुढची नोंद होते, आणि मग कुणीतरी म्हणतं रेकॉर्ड बघा. रेकॉर्डमध्ये पोलीस कुठे बघतात हे आधी दिसतं, गुन्हा कुठे होतो हे नंतर.

ही एका ठाण्याची गोष्ट वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा ५ मार्च २०१९ चा निकाल घ्या. २००३ सालचं नाशिक जिल्ह्यातलं खून-बलात्काराचं भयंकर प्रकरण. आरोपी सहा, भटक्या जमातीतले गरीब मजूर. २००९ मध्ये याच न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली होती. पुढे फेरविचारात उघड झालं, की वाचलेल्या साक्षीदार बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं आणि त्या दिशेनं तपासच केला गेला नाही. सहाही जण निर्दोष सुटले, प्रत्येकी पाच लाख भरपाई, आणि चुकलेल्या तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश. सहा माणसं सोळा वर्षं आत होती. त्या सोळा वर्षांत कुणी 'रेकॉर्ड' मोजलं असतं तर ही सहा नावं मेसेजच्या बाजूनेच मोजली गेली असती.

एक मान्य करते, मनाविरुद्ध. काही पारध्यांच्या टोळ्या चोऱ्या करतात. मळ्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला रात्री वाटणारी भीती खरी आहे, आणि ज्याचं घर फुटतं तो बहुतेक वेळा गरीबच असतो. ज्यानं केलं त्याच्यावर पुराव्यानिशी खटला चालवा, मी आड येणार नाही. पण त्यासाठी सात पोरं शाळेबाहेर का?

राहिला सारख्या कायद्याचा मुद्दा. त्याचं उत्तर तुमच्याच घरात आहे, मामा. गेल्या हंगामात तुमचं उसाचं बिल तीन महिने अडकलं. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, चौदा दिवसांत पैसे द्या, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. तुम्हाला व्याज मिळालं? आदेश मोडला तर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कैदेची तरतूदसुद्धा आहे. तरी व्यवहारात होतं काय, तर साखर आयुक्तांकडे सुनावणी, फार तर महसुली वसुलीचं प्रमाणपत्र. तुमचे पैसे ठेवून घेणाऱ्यांचा फोटो कुठल्या ठाण्याच्या फलकावर नाही, आणि तुम्हीही त्याला 'थकबाकी'च म्हणता, चोरी म्हणत नाही. तुमचं तीन महिन्यांचं बिल आणि एका पालावरून उचललेला पान्हा यांत रक्कम कुणाची मोठी, हे तुम्हीच मोजा.

त्या पोराचा पान्हा आणि पेचकस अजून मुद्देमालाच्या खोलीतच आहेत. परत मिळावेत म्हणून अर्ज दिलाय, तारीख पुढच्या महिन्यात. तुमची बैठक त्याआधी आहे.