पंचाहत्तरी झाली म्हणजे आयकर संपला?

"75 वर्षे पूर्ण झालेल्यांना आता टॅक्स नाही आणि रिटर्नही भरायचे नाही! ज्येष्ठांचे एफडीचे 1 लाखापर्यंतचे व्याज पूर्ण टॅक्स फ्री. 12 लाखांपर्यंत शून्य टॅक्स, शिवाय 80 टीटीबीचे 50 हजार वेगळे. बँकेत 15 एच देऊन निश्चिंत राहा. सर्व ज्येष्ठांना पाठवा."

हा निरोप मला सांगलीत या महिन्यात चार जणांनी दाखवला. त्यातले आमच्या गल्लीतले अण्णा तर म्हणाले, "बरं झालं, यंदापासून रिटर्नची कटकट गेली." मी त्यांना पासबुकं घेऊन बसवलं. एकेक आकडा मांडत गेलो, तेव्हा कळलं की निरोप पाळला असता तर त्यांचे 15 हजार रुपये बुडाले असते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. हिशोब आर्थिक वर्ष 2025-26 चा आहे. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी या वर्षाचं रिटर्न जुन्या कायद्याप्रमाणेच भरायचं आहे.

अण्णा 76 वर्षांचे, सरकारी खात्यातून निवृत्त. पेन्शन महिना 42 हजार, म्हणजे वर्षाला 5,04,000. पेन्शन जमा होते त्या बँकेतल्या ठेवींचं व्याज 1,50,000, एका सहकारी बँकेतलं 90,000 आणि एका पतसंस्थेतलं 90,000. व्याज एकूण 3,30,000.

आता पंचाहत्तरीची गोष्ट. अशी सवलत कायद्यात आहे, कलम 194 पी, 2021 पासून. पण ती कर माफ करत नाही. तीत फक्त कर मोजून कापण्याचं काम बँकेकडे जातं. तुम्ही बँकेला फॉर्म 12 बीबीए द्यायचा, बँक तुमचं उत्पन्न आणि वजावटी मांडून जो कर येईल तो कापते, आणि मग रिटर्न लागत नाही. अट मात्र कडक आहे: उत्पन्न फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज, आणि ती बँक सरकारने या कामासाठी ठरवलेल्यांपैकी हवी. दुसऱ्या बँकेत एक छोटी ठेव असली तरी सवलत गेली. आपल्या भागात तर सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत ठेव नाही असा पेन्शनर शोधावा लागेल. अण्णा तीन ठिकाणी ठेवी ठेवतात, त्यामुळे हे कलम त्यांना लागूच होत नाही.

1 लाखाचा आकडा खरा आहे, फक्त तो कशाचा आहे हे निरोप सांगत नाही. 1 एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांच्या व्याजावर एका बँकेत वर्षाला 1 लाखापर्यंत टीडीएस कापत नाहीत. पूर्वी ही मर्यादा 50 हजार होती. टीडीएस कापला नाही आणि कर लागत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अण्णांच्या सहकारी बँकेने 90 हजारांवर काहीच कापलं नाही, पतसंस्थेनेही नाही, पण ते 1,80,000 उत्पन्नात धरावेच लागतात. पतसंस्थेचं व्याज अनेकदा आयकर खात्याच्या 26 एएस किंवा एआयएस या नोंदपत्रकांत दिसतही नाही. तिथे दिसलं नाही म्हणून सोडायचं नाही. पतसंस्थेकडून व्याजाचा दाखला मागून घ्यावा.

निरोपातली सर्वात घातक बेरीज 12 लाख अधिक 50 हजारांची आहे. 12 लाखांपर्यंत शून्य कर आयकराच्या नव्या पद्धतीत आहे, ज्येष्ठांच्या व्याजावरची 80 टीटीबीची वजावट फक्त जुन्या पद्धतीत. दोन्ही पद्धतींतल्या सवलती उचलून एकत्र करता येत नाहीत. ज्येष्ठांची 3 लाखांची आणि 80 वर्षांपुढच्यांची 5 लाखांची करमुक्त मर्यादा तीही जुन्याच पद्धतीतली. नव्या पद्धतीत वय कितीही असो, मर्यादा 4 लाखच.

अण्णांचं दोन्हीकडे मांडून पाहू. नव्या पद्धतीत पेन्शनमधून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले 4,29,000. त्यात व्याज मिळवलं की 7,59,000. पहिल्या 4 लाखांवर काही नाही, उरलेल्या 3,59,000 वर 5 टक्के म्हणजे 17,950. उत्पन्न 12 लाखांच्या आत, म्हणून कलम 87 ए ची सूट हा सगळा कर पुसून टाकते. देणं शून्य.

जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट 50 हजारच. ती गेल्यावर पेन्शन आणि व्याज मिळून 7,84,000 होतात. त्यातून 80 टीटीबीचे 50 हजार आणि आरोग्य विम्याच्या हप्त्याचे 40 हजार वजा केले तर 6,94,000. 3 ते 5 लाखांवर 10,000, पुढच्या 1,94,000 वर 20 टक्के म्हणजे 38,800. बेरीज 48,800, त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 50,752 रुपये. "80 टीटीबी मिळावी म्हणून जुनी पद्धत घ्या" असं कुणी सांगितलं तर हा आकडा दाखवावा.

कर शून्य, मग रिटर्न कशाला? एक तर उत्पन्न 4 लाखांच्या वर असल्यामुळे ते भरणं बंधनकारक आहे. सूट नंतर मिळाली तरी बंधन सुटत नाही. मुदत चुकली तर त्यांच्या उत्पन्नावर 5 हजार विलंब शुल्क. दुसरं असं की टीडीएस कापू नका असं बँकेला सांगणारा 15 एच फॉर्म अण्णांनी त्या वर्षी दिलाच नव्हता, त्यामुळे पेन्शनच्या बँकेने 1,50,000 वर 10 टक्क्यांनी 15,000 कापले आहेत. ते परत मिळण्याचा रस्ता रिटर्नमधूनच जातो.

15 एच वर्षाच्या सुरुवातीला दिला असता तर कपात टळली असती, आणि अण्णांना तो देण्याचा हक्क होता, कारण सगळं उत्पन्न धरूनही कर शून्यच येतो. "सगळं उत्पन्न" हे शब्द महत्त्वाचे. त्या फॉर्मवर सही करणं म्हणजे वर्षाच्या एकूण उत्पन्नाबद्दल दिलेली कबुली आहे, आणि खोटी कबुली गुन्हा ठरते.

याचा फटका कुठे बसतो ते एका निवृत्त प्राध्यापकांच्या कागदांवर दिसलं. प्रमाणित वजावटीनंतर पेन्शन आणि बँकांचं व्याज मिळून 11,60,000. "12 च्या आत आहे," म्हणून निवांत होते. पतसंस्थेचे 90 हजार त्यांनी धरलेच नव्हते. ते धरले की 12,50,000. नेहमीच्या दराने कर 67,500 येतो. 12 लाखांच्या वर गेलेल्या रकमेपेक्षा कर जास्त होऊ नये अशी सीमांत सवलत असल्यामुळे तो 50,000 वर थांबतो, उपकर धरून 52,000. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना आगाऊ कर भरावा लागत नाही, म्हणून ही रक्कम रिटर्नच्या वेळी व्याजाशिवाय भरता आली. ठेव पत्नीच्या नावावर करायचा विचार त्यांनी बोलून दाखवला. पैसे त्यांचेच असतील तर व्याजही त्यांच्याच उत्पन्नात धरतात, हे मला सांगावं लागलं.

अण्णांचं रिटर्न आयटीआर-1 मध्ये बसलं. परताव्यासाठी बँक खातं पोर्टलवर आधी पडताळून घेतलं. एकच अडलं: आधारला जोडलेला मोबाइल नंबर पुण्यातल्या मुलाचा होता, ओटीपी तिकडे जात होता. 30 दिवसांत ई-पडताळणी झाली नाही तर पुढे ती ज्या दिवशी होईल तीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात. म्हणून संध्याकाळी मुलाला फोन लावला, त्याने सहा आकडे वाचून दाखवले, आणि 15 हजारांच्या परताव्याचा अर्ज पुढे गेला.