पत्ता तोच, सोसायटी तीच, आणि म्हणे खातं सापडत नाही

सप्टेंबर उजाडलाय. ३० तारखेच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, ऑडिटर रोज फोन करून लेजर मागतोय, आणि आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीचा सगळा हिशोब एका सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद होऊन पडलाय. ४८ फ्लॅटची मेंटेनन्सची बिलं, सिंकिंग फंड, लिफ्टच्या दुरुस्तीसाठी वेगळी काढलेली वर्गणी, कोणाची किती थकबाकी, सगळं आत. आणि मी, या सोसायटीची रीतसर निवडून आलेली खजिनदार, बाहेर.

आधीचे खजिनदार काका मुलाकडे बंगळूरला राहायला गेले. सोसायटीचं स्वतःचं डोमेन आहे, त्यावर खजिनदाराचा म्हणून एक ईमेल आहे, आणि काकांनी या सॉफ्टवेअरमध्ये त्याच ईमेलवरून ‘गूगलने साइन इन करा’ हे बटण दाबून खातं उघडलेलं. त्यात काकांचं काहीच चुकलं नाही. पहिल्या पानावर सगळ्यात मोठं बटण तेच होतं, पासवर्डवाली ओळ खाली बारीक अक्षरात. आमचं डोमेन सांभाळणाऱ्या मुलाने काका गेल्यावर त्या ईमेलचं गूगल खातं डिलीट केलं आणि माझ्यासाठी अगदी त्याच नावाने नवीन तयार केलं. जुन्या माणसाची खासगी पत्रं नव्या माणसाला दिसू नयेत, इतका साधा विचार. कोणीही हेच केलं असतं.

आता ऐका. ‘गूगलने साइन इन करा’ दाबलं की येतं, ‘या खात्याशी जोडलेली कोणतीही संस्था सापडली नाही, नवीन संस्था तयार करा.’ नवीन तयार करायला गेलं की येतं, ‘हा ईमेल आधीच नोंदवलेला आहे, कृपया साइन इन करा.’ पासवर्ड विसरलात दाबलं की येतं, ‘आपण गूगलने नोंदणी केली आहे, कृपया गूगलने साइन इन करा.’ झालं, गोल पूर्ण. तीन पानं, तिन्ही एकमेकांकडे बोट दाखवणारी, आणि तिन्हींवर ‘कृपया’.

मी स्वतः हिंजवडीत लॉगिनचाच कोड लिहिते. म्हणून तर माझं डोकं दुप्पट फिरतं, कारण आत काय झालंय ते मला काचेतून दिसावं तसं दिसतंय. गूगल त्या सॉफ्टवेअरला आपली ओळख सांगताना नुसता ईमेल देत नाही, सोबत `sub` नावाचा एक लांबलचक आकडा देतं. काकांच्या वेळी साधारण असं जात असणार:

```
"iss":   "https://accounts.google.com"
"sub":   "108214476390251847763"
"email": "khajinadar@society.example"
```

आणि माझ्या वेळी असं:

```
"iss":   "https://accounts.google.com"
"sub":   "115903328840167250914"
"email": "khajinadar@society.example"
```

ईमेल अक्षर न् अक्षर तोच. `sub` मात्र वेगळा, कारण गूगलच्या लेखी खातंच वेगळं आहे. एका खात्याचा `sub` कधी बदलत नाही आणि खातं मेलं तरी तो दुसऱ्याला मिळत नाही. ईमेल म्हणजे फ्लॅट नंबर, ३०२ मध्ये भाडेकरू बदलला तरी पाटी ३०२ चीच राहते. `sub` म्हणजे तो भाडेकरू. ओपनआयडी कनेक्ट नावाचं जे मानक २०१४ साली ठरलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की माणूस ओळखायचा तो `iss`, म्हणजे ओळख देणारा कोण, आणि `sub` या जोडीवरून, ईमेलवरून नाही. गूगलही आपल्या माहितीपुस्तिकेत तेच सांगतं.

तेव्हा या सॉफ्टवेअरने मला काकांच्या खात्यात आपोआप घेतलं नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. ते बरोबरच आहे. उद्या आमचं डोमेन सुटलं, दुसऱ्या कोणी विकत घेतलं आणि तोच ईमेल तयार केला, तर त्याला ४८ घरांचा हिशोब उघडून द्यायचा का? नाही. पण एक दार बंद ठेवायचं तर दुसरं ठेवायला नको? जुनं `sub` मेलं तर पुढे काय, हा प्रश्न लॉगिन बांधणाऱ्याला पहिल्याच दिवशी पडायला हवा. तो यांना पडलाच नाही. नोंदणी करताना ईमेल एकमेव असला पाहिजे म्हणून तपासायचा, लॉगिन करताना `sub` तपासायचा, आणि दोन्हींची उत्तरं जुळली नाहीत तर काय करायचं ते कोणी लिहायचंच नाही. त्या न लिहिलेल्या जागेत आमची सोसायटी अडकलीय.

पण खरा संताप इथे नाही. खरा संताप काल आलेल्या ईमेलचा.

काल त्याच कंपनीचा ईमेल आला, खजिनदाराच्या त्याच पत्त्यावर, माझ्या नव्या मेलबॉक्समध्ये. ‘आपल्या संस्थेचं वार्षिक सदस्यत्व संपत आलं आहे, सेवा खंडित होऊ नये म्हणून आजच नूतनीकरण करा.’ खाली आमच्या सोसायटीचं पूर्ण नाव. नोंदणी क्रमांकासकट! म्हणजे पैसे मागायचे असले की मी कोण हे यांना नीट माहीत आहे. ‘आता भरा’ दाबलं. साइन इन करा. केलं. ‘या खात्याशी जोडलेली कोणतीही संस्था सापडली नाही.’ अरे, आत्ता तर तुम्हीच नाव घेऊन हाक मारलीत! शिवाय तळाला ओळ होती, सदस्यत्व संपल्यावर माहिती ठराविक मुदतीनंतर काढून टाकली जाईल. म्हणजे पैसे घेणार नाही, आत येऊ देणार नाही, आणि भरले नाहीत म्हणून आमचा हिशोब पुसणार.

मदत केंद्राला फोन केला. तिकडचा मुलगा गोड बोलत होता, ‘मॅडम, आपण ज्या ईमेलने नोंदणी केली होती त्याच ईमेलवरून आम्हाला लिहा.’ लिहिलं. त्याच ईमेलवर उत्तर आलं, ‘आपण लॉगिन करून सेटिंग्जमध्ये जा, तिथे जोडलेली खाती हा पर्याय आहे, तिथून नवीन गूगल खातं जोडा.’ लॉगिन करून! पुन्हा फोन केला, शांतपणे सांगितलं की बाबा रे, लॉगिनच होत नाही, म्हणून तर फोन केलाय. तो म्हणाला, ‘मग मॅडम, जुन्या खातेधारकाला एकदा लॉगिन करायला सांगा ना.’ जुनं खातं डिलीट झालंय हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

आणि काम केवढं? डेटाबेसमधल्या एका ओळीतला एक आकडा बदलायचा. जुना `sub` काढा, नवा घाला. खात्री पाहिजे ना? घ्या की. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र घ्या, नवीन समिती निवडून आल्याचा ठराव घ्या, इतकी वर्षं सोसायटीच्या ज्या बँक खात्यातून तुम्हाला पैसे आले त्याचं स्टेटमेंट घ्या. डोमेन आमचंच आहे याचा पुरावा हवा तर तुम्ही द्याल ती ओळ मी आमच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून टाकते, घरबसल्या तपासा. यातलं एकही त्यांनी मागितलं नाही. मी स्वतःहून पाठवलं तर ‘आपलं समाधान झालं का’ म्हणून तारे द्यायची लिंक आली.

जिकडे बघावं तिकडे हेच. माझ्या बहिणीच्या कॉलेजने पदवी झाल्यावर ईमेल बंद केले. त्या ईमेलवरून ‘गूगलने साइन इन’ करून ती वापरायची त्या एका कोर्सच्या साइटवर तिची सगळी प्रमाणपत्रं होती, ती गेली. भाच्याने फेसबुकचं खातं कायमचं डिलीट केलं. ते ३० दिवसांत परत घेता येतं, त्यानंतर नाही, आणि फेसबुकनेच साइन इन केलेल्या गाण्याच्या अॅपमधल्या याद्या त्याला ३० दिवसांनंतर आठवल्या. ऑफिसातल्या एकीने लग्नानंतर कंपनीच्या ईमेलमधलं नाव बदलून घेतलं. तिची गंमत आमच्या उलट. नाव बदललं तरी खातं तेच, म्हणजे `sub` तोच राहतो; पण ती वापरायची ते टूल ईमेलवरून माणूस ओळखणारं. त्याने तिला नवखी समजून एक कोरं करकरीत खातं उघडून दिलं, वर ‘स्वागत आहे’. तिला वाटलं सगळे प्रोजेक्ट उडाले. उडाले नव्हते, जुन्या नावाखाली होते.

यावरून निदान ओळखता तरी येतं की कुठे बिनसलंय. ईमेल बदलल्यावर रिकामं खातं उघडलं, तर ती साइट ईमेल धरून बसलीय. जुना ईमेल काही वेळापुरता परत घेता आला तर आत जाता येतं. ईमेल तोच असून ‘सापडत नाही’ आणि ‘आधीच नोंदवलेला’ ही दोन्ही उत्तरं आली, तर ती `sub` धरून बसलीय, आणि तिथे तोच ईमेल शंभरदा नव्याने तयार केलात तरी उपयोग शून्य. जुनं खातंच परत जिवंत करावं लागतं. सोसायटीच्या किंवा कंपनीच्या डोमेनवरचं डिलीट केलेलं खातं गूगलमध्ये अॅडमिनला २० दिवसांपर्यंत परत आणता येतं. आमचे ते २० दिवस गणपतीच्या वर्गणीत आणि टेरेसच्या गळतीत कधीच निघून गेले होते.

पदाचे ईमेल असलेल्या सगळ्या सोसायट्यांच्या समित्यांना माझं सांगणं आहे, खजिनदार बदलला म्हणून खातं डिलीट करू देऊ नका. जुन्या माणसाला त्याची खासगी पत्रं काढून घ्यायला सांगा, मग अॅडमिनकडून पासवर्ड बदलून घ्या, रिकव्हरीचा मोबाइल नंबर आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन नव्या माणसाचं करा. खातं तेच, `sub` तोच, सगळी दारं उघडी. आणि जुना माणूस अजून आत आहे तोवर त्या सॉफ्टवेअरमध्ये सेक्रेटरींना दुसरे अॅडमिन म्हणून जोडून घ्या, वेगळ्या ईमेलवर, गूगलच्या बटणाने नव्हे तर पासवर्डने. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा अॅडमिन जोडायचे जादा पैसे पडतात. सुरक्षेचं दुसरं दार विकत!

सध्या मी काकांनी छापून ठेवलेल्या मार्चच्या बिलांवरून आणि बँकेच्या स्टेटमेंटवरून एक्सेलमध्ये लेजर पुन्हा उभं करतेय. थकबाकीवरचं व्याज कोणाचं किती धरलं होतं ते काही केल्या जुळत नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ आत्तापासून विचारायला लागलेत की त्यांचं व्याज माफ झालं का. सेक्रेटरी म्हणतात सोडून द्या, नवीन सॉफ्टवेअर घेऊ. अजिबात सोडणार नाही. नवीन घेऊ, जरूर घेऊ, पण हिशोब आमचा आहे आणि तो मला पूर्ण हवाय. समितीचा ठराव टाइप करून झालाय. उद्या सह्या झाल्या की कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीसह पत्र जाणार, आणि त्यात दोनच मागण्या आहेत: आमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये द्या, आणि तो मिळेपर्यंत एक ओळसुद्धा पुसू नका.