फास्ट रोमिंग आणि रुसलेला प्रिंटर

घरात दोन राउटर असले की फोन कायम लांबच्याच राउटरला धरून बसतो, हा निसर्गनियम आहे. आमच्याकडे एक हॉलमध्ये, दुसरा आतल्या बेडरूममध्ये, आणि बायको मिटिंगवर बोलत बोलत हॉलमधून आत गेली की बरोबर पॅसेजमध्ये आवाज गायब. "अहो, हे पुन्हा झालं" हे वाक्य आमच्या घरात चहापेक्षा जास्त वेळा होतं.

तर मेहुणा आला होता. त्याला कोणाचंही राउटरचं ॲप उघडलेलं दिसलं की हात शिवशिवतात. जेवणानंतर बडीशेप चघळता चघळता म्हणाला, "दाजी, फास्ट रोमिंग बंद का ठेवलंय तुम्ही?" आणि मी पाणी पिऊन येईपर्यंत 802.11r, 802.11k, 802.11v तिन्ही चालू करून मोकळा. रात्रीच्या गाडीने गेला, आणि सकाळी आईचा जुना टॅबलेट रुसला, प्रिंटर रुसला आणि गीझरचा स्मार्ट प्लगही रुसला. नवे फोन आणि लॅपटॉप मात्र मजेत. म्हणजे तक्रार फक्त घरातल्या ज्येष्ठांची होती.

आता हे आर, के, व्ही काय प्रकरण आहे ते बघा. फोनने एक राउटर सोडून दुसरा पटकन धरावा, म्हणून केलेले हे वायफायचे तीन नियम. आमच्या सोसायटीचंच धरा, वॉचमन म्हणजे राउटर आणि पाहुणा म्हणजे फोन. प्रत्येक विंगला वॉचमन आणि प्रत्येकाची वेगळी वही. पाहुणा एका विंगमधून दुसऱ्यात गेला की पुन्हा नाव, गाव, कोणाकडे, सही. आर म्हणजे पहिल्या वॉचमनने दिलेली चिठ्ठी बाकीच्यांनी मान्य करायची, सगळी चौकशी पुन्हा नको. के म्हणजे वॉचमन आपणहून सांगतो की शेजारी कुठल्या विंगा आहेत आणि त्यांची दारं कुठं आहेत, म्हणजे पाहुणा सगळी सोसायटी पालथी घालत नाही. आणि व्ही म्हणजे वॉचमन सुचवतो, "साहेब, इथं गर्दी आहे, तुम्ही तिकडं जा ना." जायचं की नाही ते पाहुण्याच्या मर्जीवर, आणि पाहुणे कसे असतात ते तुम्हाला माहितीये.

आर आणि के 2008 मध्ये आले, व्ही 2011 मध्ये. यातला आर खरं तर ऑफिसांसाठी. तिथं प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असतं, ते तपासायला मागे एक सर्व्हर बसलेला असतो, आणि चालता चालता वायफायवर बोलणाऱ्याचा प्रत्येक राउटरपाशी तो सगळा सोपस्कार झाला तर कॉल तुटायचाच. घरी एकच पासवर्ड, सर्व्हर वगैरे काही नाही, त्यामुळे आरने वाचतात फक्त चार निरोप, जे एरवी राउटर आणि फोन चाव्या ठरवताना एकमेकांना पाठवतात. सिग्नल बरा असेल तर हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. खरा वेळ खातं ते शोधणं: 5 गिगाहर्ट्झवर वीसेक चॅनेल, राउटर आपली हजेरी, म्हणजे बीकन, साधारण 100 मिलिसेकंदांनी एकदा देणार, आणि बऱ्याच चॅनेलवर फोनला नुसतं गप्प बसून त्याची वाट बघावी लागते. बायकोचा आवाज पॅसेजमध्ये जायचा तो बहुतेक यात. म्हणजे आमच्यासारख्या घरात कामाचा के, थोडाफार व्ही, आणि नाव मात्र मोठं आरचं.

भांडणही आरचंच. राउटर त्या बीकनमध्ये "माझ्याकडे कुठल्या पद्धतीने आत येता येतं" याची यादी देतो. आर चालू केला की नेहमीच्या पद्धतीशेजारी आणखी एक नवी पद्धत त्या यादीत जाते. शहाण्या उपकरणाने काय करावं, न कळणारी ओळ सोडून ओळखीची घ्यावी. पण काही जुन्या उपकरणांचं सॉफ्टवेअर अनोळखी ओळ दिसली की पूर्ण पाटीच नाकारतं. के आणि व्हीचं तसं नाही, ते आत आल्यावरचे संवाद आहेत, ज्याला भाषा येत नाही तो गप्प बसतो. फक्त काही राउटर व्हीचा सल्ला न ऐकणाऱ्याला सरळ बाहेर काढतात, मग ते उपकरण पुन्हा तिथंच येतं, पुन्हा हाकललं जातं, असा खेळ चालतो.

आईचा टॅबलेट समोर घेऊन बसलो. लिस्टमध्ये आमचं वायफाय दिसतंय, वर फुल दांड्या, दाबलं की "कनेक्ट करत आहे", मग "सेव्ह केले", आणि बस. आई म्हणाली, "पासवर्ड बदललास का रे, मला न सांगता?" नव्हता बदलला, आणि ते सिद्ध करता आलं राउटरच्या लॉगमधून. पासवर्ड चुकला असता तर टॅबलेट दारात येऊन अडखळल्याची नोंद असती. इथं नोंदच नाही, म्हणजे तो दारापर्यंत आलाच नव्हता, बाहेरची पाटी वाचूनच मागे फिरला होता. प्रिंटरची तर आणखी तऱ्हा, त्याच्या लिस्टमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी वायफाय, आमचंच नाही!

खात्री करायला गेस्ट नेटवर्क चालू केलं. आमच्या राउटरवर आरचं बटण मुख्य नेटवर्कपुरतं आहे, गेस्टला ते लागू होत नाही. टॅबलेट लगेच जोडला गेला, आईचं कीर्तन सुरू झालं. तोच राउटर, तीच जागा, फरक फक्त आरचा.

पण प्रिंटर गेस्टवर ठेवून भागत नाही बरं का. गेस्टवरच्या उपकरणाला घरातल्या बाकीच्यांशी बोलू देत नाहीत, त्यामुळे प्रिंटर ऑनलाइन, लॅपटॉप ऑनलाइन, आणि दोघांची गाठ नाही. शेवटी तिसरं नेटवर्क केलं: वेगळं नाव, फक्त 2.4 गिगाहर्ट्झ, साधं WPA2, आर बंद, पण घरच्याच नेटवर्कचा भाग. काही राउटरमध्ये याला आयओटी नेटवर्क म्हणतात, मात्र तिथंही ते वेगळं कोंडलेलं नाही ना हे बघून घ्यावं. प्रिंटर, प्लग, टॅबलेट तिकडं. तसंही प्रिंटर काही घरभर फिरत नाही, त्याला रोमिंग हवंय कशाला?

मुख्य नेटवर्कवर के आणि व्ही ठेवले, आर बंद केला. फरक कळला का? बायकोला नाही कळला. तुमच्या ॲपमध्ये तिन्हींचं मिळून एकच बटण असेल तर मात्र निवड नाही, जुनी मंडळी वेगळी काढणं हाच मार्ग.

आणि पॅसेजमधला आवाज? तो थोडाफार जातच होता, कारण राउटर कधी सोडायचा हे फोन ठरवतो. सिग्नल उणे 70 डीबीएमच्या खाली घसरेपर्यंत आयफोन दुसरा राउटर शोधतच नाही, हे ॲपलनेच लिहून ठेवलंय. हॉलचा राउटर इतका दणकट की पॅसेजच्या टोकालाही सिग्नल त्याच्या वरच, मग फोन हलेल कशाला. हॉलच्या राउटरची पॉवर हाय वरून मीडियम केली आणि फोन पॅसेजच्या अलीकडेच दुसरा राउटर धरायला लागला. हे बटण ॲपमध्ये तीन मेनू आत होतं, मेहुण्याला दिसलं नव्हतं.

परवा त्याचा फोन आला. दिवाळीला येतोय, म्हणे दाजी WPA3 चालू करून टाकू. म्हणजे त्या पाटीवर आणखी एक नवी ओळ. मी "ये ये" म्हणालो आणि फोन ठेवून ॲपचा पासवर्ड बदलला.