पट्टा उतरवा, पण आधी हे बघा

ग्रुपवर फिरणारा मेसेज: "गाडीला मागून ठोकर बसली आणि त्याच दिवशी मान दुखली नाही, तर काही झालेलं नाही. दुखलीच तर पंधरा दिवस पट्टा लावा, मान अजिबात हलवू नका. एक्स-रे नॉर्मल आला की निर्धास्त राहा."

पहिल्या मुद्द्यावर माझ्याकडे फिजिओथेरपीला आलेल्या एका शिक्षिकेचंच सांगते. सिग्नलला थांबलेल्या त्यांच्या गाडीवर मागून रिक्षा आदळली. बंपरला चीर गेली, थोडी बाचाबाची झाली आणि बाई शाळेत जाऊन तासही घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उशीवरून डोकं उचलायला हाताचा आधार घ्यावा लागला, खांदेही भरून आले होते. झटक्याने ताणलेले स्नायू आखडायला वेळ लागतो, त्यामुळे दुखणं बारा तासांनी, कधी दोन दिवसांनीही सुरू होतं.

पट्टा त्यांनी मेडिकलमधून स्वतःच आणला होता. चार दिवसांत मान इतकी धरली की गाडी रिव्हर्स घेताना अख्खं अंग वळवावं लागे. हाड मोडल्याची शंका डॉक्टरांनी आधीच दूर केली होती, म्हणून मी पट्टा काढला. ताठ बसून हनुवटी हळू उजव्या खांद्याकडे न्यायची, ताण जाणवला की थांबायचं, मग डावीकडे. असं पाच-सहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. थोडं दुखणारच. घरची कामं चालू ठेवायला सांगितली. पाच आठवड्यांत मान मोकळी झाली. बहुतेकांना दोन-तीन महिन्यांत आराम पडतो, काहींचं दुखणं मात्र रेंगाळतं.

आता एक्स-रे. त्यात हाडं दिसतात. नसा आणि रक्तवाहिन्या दिसत नाहीत. वय पासष्टच्या पुढे असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, ट्रकने ठोकलं असेल, गाडी उलटली असेल किंवा दुचाकीवरून फेकले गेला असाल, तर मान वळवून बघण्याआधी दवाखाना गाठा. मानेच्या मधोमध हाडावर दाबल्यावर कळ आली तरीही तेच.

हात-पाय लुळे पडणं, चालताना तोल जाणं, शर्टाची बटणं लावता न येणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यात एक तासही थांबू नका. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, गुंगी हेही तसंच; रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली तर लक्षणं काही दिवसांनी दिसू शकतात: एका बाजूला नवीच तीव्र कळ, पापणी खाली येणं, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं. १०८ ला फोन करा. डाव्या खांद्याच्या टोकाला दुखतंय आणि पोटही दुखतंय, तर तो खांद्याचा त्रास नसून प्लीहेला मार लागलेला असू शकतो.

आणि सलूनमध्ये दाढीनंतर "मान मोडून देऊ का?" विचारलं, तर या दिवसांत सरळ नको म्हणा.