पस्तिशीत सुरुवात? मग पहिली दहा वर्षं जोर लावा

पस्तिशीत एसआयपी सुरू करणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो बहुधा चुकीचा: "उशीर झालाय, आता स्मॉलकॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या जास्त जोखमीच्या फंडांत टाक." मावसभावालाही ऑफिसात कुणीतरी हेच सांगितलं, म्हणून हिशोब करून बघितला.

पंचविसाव्या वर्षापासून महिना ५,००० टाकले आणि वर्षाला १२ टक्के धरले, तर साठीत सुमारे सव्वातीन कोटी होतात. त्याच पाच हजारांत पस्तिशीपासून तेवढेच हवे असतील तर २५ वर्षं सलग साडेअठरा टक्क्यांहून जास्त परतावा लागेल. तो कोण देणार? म्हणजे भर रकमेत घालायची, जोखमीत नाही.

पण किती? हप्ता कायम ठेवायचा तर १७,१०० रुपये. घराचा ईएमआय आणि शाळेची फी सांभाळून एवढे आजच काढणं अनेकांना जमत नाही. दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे ७,६०० पासून सुरू करून दरवर्षी १० टक्के वाढ. कागदावर छान दिसतो, पण शेवटच्या वर्षी हप्ता ७५,००० च्या आसपास जातो. पन्नाशीनंतर पगार दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढेलच, हे मला तरी कुणी लिहून देणार नाही.

म्हणून मला पटलेला मार्ग असा: ९,८०० पासून सुरुवात, पंचेचाळिशीपर्यंत दरवर्षी १० टक्के वाढ आणि मग हप्ता सुमारे २५,४०० वर थांबवायचा. साठीत पुन्हा सव्वातीन कोटीच. पंचेचाळिशीत जमलेले ३३ लाखच पुढच्या पंधरा वर्षांत जवळपास दोन कोटी होतात. मुलांची कॉलेजं सुरू होतात त्या वयात हप्ता वाढवण्याचं ओझं नाही, हा खरा फायदा.

परतावा १० टक्केच मिळाला तर मात्र २.४ कोटींच्या आसपास थांबाल. आणि महागाई ६ टक्के धरली तर त्या सव्वातीन कोटींची आजची किंमत ७६ लाखांच्या घरात. हे कटू आहे, पण आकडा ऐकून हुरळून जायला नको.

शिवाय आपण शून्यावर नसतो. मावसभावाने दोन नोकऱ्या बदलल्या, जुन्या कंपन्यांचा पीएफ तसाच पडून होता. यूएएन या पीएफच्या कायम क्रमांकावरून तो एकत्र केला तेव्हा तीन लाख निघाले. व्याज सव्वाआठ टक्के टिकलं तर २५ वर्षांत त्याचे २१-२२ लाख होतात. नोकरी बदलताना हा पीएफ मोडून गाडी घेणाऱ्यांना मी हात जोडतो.

एक बारीक पण महत्त्वाचं. एसआयपी सुरू करतानाच वार्षिक टॉप-अप निवडा आणि तारीख इन्क्रिमेंटनंतरच्या महिन्याची ठेवा. बँकेच्या मँडेटची, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायच्या परवानगीची मर्यादा तीस हजार ठेवा. ती दहा हजारच असेल तर दुसऱ्या वर्षी १०,७८० चा हप्ता त्यात बसणारच नाही.