दारापाशी पंप नको, जॉइनर ठेवा: एबीसीच्या त्या फॉरवर्डला उत्तर

"गोदामातली पोरं दिवसभर नुसती चालत असतात? एबीसी करा! वर्षभराच्या विक्रीच्या रकमेनुसार सगळे आयटम उतरत्या क्रमाने लावा. ८० टक्के रक्कम आणणारा माल ए, पुढची १५ टक्के आणणारा बी, उरलेला सी. ए दारापाशी, बी मधे, सी शेवटी. चालणं ८० टक्क्यांनी कमी! एक्सेलमध्ये तासाभराचं काम, आणि एकदा लावलं की कायमचं. सगळ्या व्यापारी बांधवांना पाठवा."

सांगली-मिरजेच्या व्यापारी ग्रुपांवर हे फिरत फिरत कुपवाडला ठिबकच्या फिटिंगचं आणि पंपांचं गोदाम सांभाळणाऱ्या माझ्या भाच्यापर्यंत पोचलं, आणि त्याने पंपांच्या पेट्या पॅकिंग टेबलाशेजारी आणायला सुरुवातही केली. त्याला थांबवलं. पण बाकीचे व्यापारी उद्या हेच करणार, म्हणून लिहायलाच हवं.

सगळ्यात मोठा घोळ पहिल्याच पायरीत आहे. माल काढणाऱ्या पोराला आयटमच्या किमतीशी काही देणंघेणं नसतं. तो त्या कप्प्यापाशी किती वेळा जातो, एवढ्यावर त्याचं चालणं ठरतं. आणि तो किती वेळा जातो हे बिलावरच्या ओळी मोजल्या की कळतं. एका बिलात तो आयटम आला म्हणजे एक फेरी, मग त्या ओळीवर ५ नग असोत की ५००, आणि नग २ रुपयांचा असो की ३०,००० चा.

हिशोबासाठी दोनच आयटम घेऊ. ५ एचपीचा सबमर्सिबल पंप महिन्यात १० बिलांवर १२ नग जातो. ३०,००० रुपये भाव धरला तर ३,६०,००० रुपयांची विक्री. १६ मिमीचा जॉइनर ४२० बिलांवर जातो, सरासरी ५० नग, भाव २ रुपये. म्हणजे ४२,००० रुपये. मेसेजच्या हिशोबाने पंप ए मध्ये बसतो आणि जॉइनर घसरून मागे जातो. समजा टेबलापासून पुढची जागा ५ मीटरवर आहे आणि मागची २८ मीटरवर, आणि दर ओळीला एक वेगळी फेरी होते. पंपासाठी महिन्याचं जाणं-येणं १०० मीटर, जॉइनरसाठी २३,५२० मीटर. आता दोघांच्या जागांची अदलाबदल करा. पंपाचे ५६० मीटर, जॉइनरचे ४,२००. दोनच आयटमच्या जागा बदलल्याने जवळजवळ १९ किलोमीटरचा फरक पडला. सेकंदाला एक मीटर चाल धरली तर महिन्याला पाच तासांहून जास्त वेळ होतो. मेसेज ऐकला असता तर हा वेळ आपणच वाया घालवला असता, वर सुधारणा केल्याचं समाधान.

रकमेवरची एबीसी खोटी आहे असं मात्र नाही, हे मान्य करावं लागेल. १९५१ साली जनरल इलेक्ट्रिकच्या एच. फोर्ड डिकी यांनी ती मांडली तेव्हा प्रश्न होता साठ्यात अडकलेल्या पैशाचा: कोणत्या मालाची खरेदी बारकाईने करायची, कोणत्याची मोजदाद वारंवार करायची. त्यासाठी ती आजही वापरा. पंप दर आठवड्याला मोजा, कुलपात ठेवा, जास्तीचे मागवू नका. पण चालणं कमी करायचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याला वेगळी यादी लागते.

ती यादी काढायला बिल रजिस्टर असं काढा की प्रत्येक बिलातल्या प्रत्येक आयटमची एक वेगळी ओळ येईल. ते Bills नावाच्या शीटवर टाका, आयटमचं नाव B स्तंभात. दुसऱ्या शीटवर आयटमची यादी A स्तंभात, आणि तिच्या शेजारी:

```
=COUNTIF(Bills!B:B,A2)
```

इथे "तासाभराचं काम" फसतं. आपल्या धंद्यात रेड्यूसर आणि टी यांची नावं "63*50" अशी लिहायची सवय आहे. COUNTIF त्या * चा अर्थ "इथे काहीही चालेल" असा घेतं, त्यामुळे "63*50" मोजताना "63*40*50" सुद्धा त्यात जमा होतं आणि रेड्यूसर उगाच वर चढतो. बदलायला दोन्ही शीटवर Find मध्ये `~*` टाका आणि जागी x घाला. नुसता * शोधला तर सगळ्याच पेशी बदलून जातील. दुसरी अडचण उलटी आहे. "जॉइनर १६" आणि "१६ एमएम जॉइनर" अशा दोन नावांनी एकच माल बिलात येतो, त्याच्या ओळी दोघांत वाटल्या जातात आणि पहिल्या रांगेतला आयटम बी मध्ये दिसतो. तिसरी सगळ्यात घातक, कारण ती दिसतच नाही: "एक एकर ठिबक सेट" म्हणून बिलात एकच ओळ असते, पण पोराला त्या ओळीसाठी १०-१२ कप्पे हिंडावे लागतात. सेट फोडून प्रत्येक सुट्या भागाला ती फेरी मोजल्याशिवाय यादीवर विश्वास ठेवू नका.

आता समजा यादी नीट झाली. तरी फेऱ्यांच्या नुसत्या क्रमाने माल लावता येत नाही, कारण पुढची जागा मोजकी असते. यावरचं सगळ्यात कामाचं उत्तर जेम्स हेस्केट यांनी १९६३ साली दिलं, आणि मेसेज लिहिणाऱ्याने निदान तेवढं वाचायला हवं होतं. आयटम जेवढी जागा खातो त्याला त्याच्या फेऱ्यांनी भागायचं. ज्याचा भागाकार सगळ्यात लहान, तो टेबलाच्या सगळ्यात जवळ.

आपल्या गोदामात हे करून बघा. १६ मिमी लॅटरलची भेंडोळी महिन्यात १८० बिलांवर जातात. ६० भेंडोळी साठ्यात, एकेकाला साधारण ८ घनफूट, म्हणजे ४८० घनफूट. भागाकार २.६७. बॉल व्हॉल्व्ह फक्त ९० बिलांवर जातो, पण त्याचा सगळा साठा ९ घनफुटांत मावतो. भागाकार ०.१. जॉइनरचा ६ घनफुटांना ४२० फेऱ्या, म्हणजे ०.०१४. लॅटरलच्या फेऱ्या व्हॉल्व्हच्या दुप्पट आहेत, तरी व्हॉल्व्हच पुढे हवा, कारण लॅटरलच्या एका ढिगाच्या जागेत व्हॉल्व्हसारखे पन्नासेक आयटम बसतात. ते पन्नास मागे ढकलून लॅटरल पुढे आणलं तर एकाची वाट कमी होते आणि पन्नासांची वाढते. शिवाय लॅटरल टेबलावर येतच नाही, ते थेट गाडीत चढतं. त्यामुळे त्याचं अंतर टेबलापासून न मोजता गाडी लागते त्या शटरपासून मोजा आणि ढीग तिथेच बाजूला लावा.

जॉइनर, टेफ्लॉन टेप, एंड कॅप यांचाही सगळा साठा पुढे आणायची गरज नाही. दोन-तीन दिवसांचा माल पुढच्या क्रेटमध्ये, बाकी मागे किंवा रॅकच्या वरच्या फळीवर. जॉइनर रोज ८०० च्या आसपास जात असतील तर क्रेटला आतून ८०० च्या पातळीवर रंगाची रेघ मारा. संध्याकाळी रेघ दिसली की भरायचा, दुसऱ्या दिवशी बिलं सुटायच्या आत. ऐन दुपारी पुढचा क्रेट रिकामा सापडला तर पोरगा मागे जातो, पोतं फोडतो, मूठभर माल घेऊन येतो आणि पोतं तसंच उघडं राहतं. गल्लीत फोडलेली पोती दिसू लागली की पुढचा साठा कमी पडतोय हे ओळखा. आणि हे क्रेट कंबर ते खांदा एवढ्या उंचीतच ठेवा. पाच मीटर वाचवून दर फेरीला पोराला वाकवलं तर वाचलेला वेळ तिथेच जातो.

राहिले ते ८० टक्के. ८० टक्के ओळी पुढच्या मालाच्या असल्या म्हणून चालणं ८० टक्क्यांनी कमी होत नाही, कारण वर सोयीसाठी धरलं तसं दर ओळीला कुणी वेगळी फेरी मारत नाही. पोरगा अख्खं बिल घेऊन निघतो, आणि त्या बिलातली सगळ्यात लांबची ओळ त्याची फेरी ठरवते. बिलावर ८ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ पुढच्या मालाची असण्याची शक्यता ८० टक्के आहे असं धरा. आठही ओळी पुढच्याच असण्याची शक्यता ०.८ चा आठवा घात, म्हणजे साधारण १७ टक्के. सहा बिलांतलं एक बिल पुढच्या पुढे आटोपतं. बाकीच्या पाचांत कुठला तरी एक बी किंवा सी आयटम पोराला मागे घेऊन जातोच. प्रत्यक्षात आयटम जोडीने विकले जातात, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण ८० टक्के बचत कुठल्याच वाटेने निघत नाही. हेस्केट यांचा भागाकारसुद्धा एका फेरीला एक आयटम असेल तिथेच पक्का बसतो. मोठ्या बिलांना तो सुरुवात म्हणून चालतो, पण तेवढ्याने भागत नाही.

मोठ्या बिलांना उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी. जे सी आयटम ए च्याच बिलात येतात ते ए शेजारी न्या. टेक-ऑफबरोबर ग्रोमेट आणि भोक पाडायचा पंच गेलाच पाहिजे, तर पंच कितीही कमी खपो, त्याची जागा टेक-ऑफच्या खालीच. आणि उरलेल्या सी ओळी प्रत्येक बिलाबरोबर न काढता बाजूला लिहून ठेवा, सकाळी ११ ला आणि दुपारी ४ ला एकच पोरगा सगळ्या बिलांच्या सी ओळी एका ट्रॉलीत घेऊन येईल. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असेल तर हे चालणार नाही. तालुक्याच्या दुकानांना गाडीने जाणाऱ्या बिलांना चालतं, आणि ओळी जास्त असतात त्या याच बिलांत.

"कायमचं" यावर फार लिहायला नको. उसाची आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची. ठिबकच्या मालाची यादी त्या लागणींनुसार बदलते, आणि उन्हाळ्यात विहिरी खाली गेल्या की पंपाच्या फिटिंगची बिलं वाढतात. वर्षभराची सरासरी काढली तर कुठल्याच महिन्याला ती लागू पडत नाही. गेल्या आठ आठवड्यांच्या ओळी आणि पुढे येणाऱ्या आठ आठवड्यांच्या गेल्या वर्षीच्या ओळी एकत्र धरा आणि दर दोन महिन्यांनी यादी काढा. यादी बदलली म्हणून सगळं गोदाम हलवू नका. ज्या आयटमचा वर्ग लागोपाठ दोन याद्यांत बदललेला दिसतो तेवढाच हलवा, आणि ज्या दिवशी हलवाल त्याच दिवशी बिलावर छापून येणारा कप्प्याचा नंबर बदला. जुना नंबर छापला गेला तर पोरगा आधी जुन्या जागी जाईल, मग विचारायला टेबलापाशी येईल आणि मग नव्या जागी जाईल.